होडी टेकडी चढते ती नेमकी कुणाच्या जोरावर? (आणि ही युक्ती पहिल्यांदा कुणी केली?)

सावळाराम_नाना

मुलगा स्विंडनला असतो. मागच्या रविवारी तो आम्हाला डिव्हायझेस नावाच्या गावी घेऊन गेला. तिथे केनेट-एव्हन कालवा आहे आणि गावाबाहेर एक टेकडी. त्या टेकडीच्या उतारावर एकापुढे एक अशी सोळा लॉक सरळ रांगेत आहेत, वरून पाहिलं तर घाटाच्या पायऱ्यांसारखी. खालची-वरची धरून एकूण 29. तीन-सव्वातीन किलोमीटरमध्ये होडी 72 मीटर वर जाते. कालवा 1810 चा.

मी दोन तास एकाच लॉकपाशी उभा होतो. खालून एक लांबुळकी होडी आली, दगडी हौदात शिरली. मागची लाकडी दारं एका बाईने पाठ लावून ढकलून बंद केली. मग वरच्या दाराजवळच्या दांत्याला हॅण्डल लावून ती फिरवू लागली, कटकट आवाज झाला आणि हौदात पाणी उसळायला लागलं. दहाएक मिनिटांत होडी माझ्या गुडघ्याच्या खालून माझ्या छातीपर्यंत आली. इंजिन बंद होतं. होडीवरचा माणूस चहा पीत होता.

अठरा-वीस टनांची होडी अडीच मीटर उचलली गेली आणि कुणाला घामसुद्धा आला नाही. हे काम केलं कुणी? याची किंमत कुठे तरी चुकवावी लागत असणारच. आणि दुसरं, हे सुचलं कुणाला आणि कधी? मुलगा म्हणतो लिओनार्दो दा विंची. मला खात्री नाही. जाणकारांनी लिहावं.

कपिलाषष्ठी

मुलगा बरोबर आहे. लिओनार्दोच. मिलानमध्ये त्याने केलं, त्याच्या वहीत चित्रं आहेत. आणि टेकडीवर पाणी आपोआप येत नाही, वर पंप असणारच. म्हणजे होडी पंपाच्या जोरावर चढते. विषय संपला.

जलकुंभी

आमच्याकडे कालव्याला पाणी आवर्तनाच्या वेळीच सुटतं, बाकी दिवस लॉकच असतो. पाटबंधारे खात्याची परवानगी काढून कालव्यात होडी चालवता येते का? शेततळ्यासाठी एक जुनी फायबरची होडी घेतली आहे.

पाटकरी

जलकुंभी, नाना म्हणतात ते लॉक म्हणजे कुलूप नव्हे, दोन दारांमधला हौद. आपले कालवे सिंचनाचे, त्यात पाणी वाहतं असतं आणि जागोजाग पातळी पाडायला धबधब्यासारखे टप्पे असतात. होडी तिथेच फुटेल. तळ्यात चालवा.

नाना, प्रश्न अगदी मुळावर नेलात. मी खात्यात बत्तीस वर्षं काढली, दारं आणि झडपा हाच माझा धंदा. सांगतो.

होडी चढत नाही. होडी कायम तरंगतच असते, तिच्याखालचं पाणी चढतं. आणि ते पाणीही कुणी चढवत नाही, वरच्या टप्प्यातलं पाणी खाली पडतं तेव्हा हौद भरतो. म्हणजे होडी वर जाते तेव्हा त्या बदल्यात पाण्याचा एक मोठा साठा वरून खाली उतरलेला असतो. तुमच्या टेकडीवरच्या हौदाचा अंदाज करू. लांबी 23 मीटर, रुंदी सव्वाचार, आणि चढ अडीच मीटर. गुणाकार केला की सुमारे अडीचशे घनमीटर, म्हणजे अडीच लाख लिटर. आपल्याकडचा उन्हाळ्यातला दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यासमोर आणा. तसे पंचवीस टँकर वरून खाली ओतले तेव्हा तो माणूस निवांत चहा पिऊ शकला. किंमत तिथे चुकवली गेली.

उंबरठा

पंचवीस टँकर गुणिले 29 लॉक. एका होडीसाठी सव्वासातशे टँकर? इंग्लंडला पाऊस पडतो म्हणून बरं. आमच्या मराठवाड्यात होडीच्या मालकाला गावाने हौदातच बुडवला असता.

पाटकरी

नाही, इथे सगळेच चकतात. तो गुणाकार करायचा नाही.

एका लॉकने वरच्या टप्प्यातून पंचवीस टँकर घेतले. पण त्या वरच्या टप्प्याला त्याच्याही वरच्या लॉकने रिकामं होताना तेवढंच दिलेलं असतं. प्रत्येक मधला टप्पा घेतो तेवढं देतो. अख्ख्या टेकडीचा हिशेब मांडला तर शिखरावरून एक हौदभर पाणी निघालं आणि पायऱ्या उतरत पायथ्याला पोचलं. एकोणतीस लॉक असोत की तीन, खर्च एका हौदाचा. लॉक एकसारख्या उंचीची ठेवायची ती याचसाठी. एखादं लॉक दुप्पट उंच केलं तर ते वरून दोन हौद ओढेल आणि खालची लॉक एकच पुढे नेतील, उरलेलं सांडव्यावरून वाया.

आणि चढणारी होडी गेल्यावर लगेच उतरणारी आली तर अजून फायदा. वर चढून गेलेल्या होडीने हौद भरलेलाच सोडलेला असतो, उतरणारी त्यात शिरते. एका भरणीत दोन होड्या.

गोदीकर

काकांनी छान उलगडून सांगितलं. मी मुंबईच्या इंदिरा गोदीत नोकरी केली. तिथेही तोंडाशी लॉक आहे, 1914 साली गोदी सुरू झाली तेव्हाचं. तेव्हा तिला अलेक्झांड्रा गोदी म्हणत. पण तिथे डोंगर नाही, भरती-ओहोटी आहे. उधाणाच्या दिवसांत मुंबईत पाणी पाच मीटरच्या आसपास वरखाली होतं. गोदीतलं पाणी धरून ठेवलं नाही तर ओहोटीला जहाज चिखलात बसेल. म्हणून दोन दारं आणि मधे हौद, म्हणजे भरतीची वाट न बघता जहाज आत-बाहेर करता येतं. सांगायचा मुद्दा, युक्ती तीच पण गरज वेगळी.

माझी एक शंका आहे. जड जहाज आलं की जास्त पाणी लागतं, असं आमचे एक जुने फोरमन ठाम सांगायचे. मला ते कधी पटलं नाही. तरंगणारी वस्तू आहे, हौद तर तेवढाच भरायचा. बरोबर ना?

कपिलाषष्ठी

जड वस्तू उचलायला जास्त जोर लागणारच. फोरमन बरोबर.

पाटकरी

गोदीकर, हौद भरायला लागणारं पाणी होडी जड असो की हलकी, अगदी तेवढंच. तिथे तुम्ही बरोबर. पण हिशेब हौदापाशी संपत नाही.

होडी वर आली, वरचं दार उघडलं आणि ती हौदातून वरच्या कालव्यात सरकली. तिने हौदात जी जागा व्यापली होती ती रिकामी झाली ना? ती भरायला वरच्या कालव्यातूनच पाणी हौदात आलं. किती? होडीच्या वजनाइतकं. अठरा टनांच्या होडीला अठरा हजार लिटर, दोन टँकरना जरा कमी. म्हणजे चढताना वरच्या टप्प्याने पंचवीस टँकर दिले आणि शिवाय होडीच्या वजनाचे हे पावणेदोन.

उतरताना उलट. होडी भरलेल्या हौदात शिरते तेव्हा स्वतःच्या वजनाइतकं पाणी वरच्या कालव्यात परत ढकलते. हौद रिकामा करताना पाणी नेहमीइतकंच खाली जातं, पण होडी बाहेर पडली की तिच्या जागी खालचं पाणी हौदात येतं. म्हणजे एकूण हिशेबात वरच्या टप्प्याचं तेवढं पाणी कमी खर्ची पडतं. तेव्हा तुमचे फोरमन बरोबर होते, फक्त कपिलाषष्ठी म्हणतात त्या कारणाने नव्हे. ज्या कालव्यावर खाणी वर आणि गिऱ्हाईक खाली, तिथे भरलेल्या होड्या उतरतात आणि रिकाम्या चढतात, त्यामुळे पाण्यात बचत होते.

गोदीकर

हे मला इतकी वर्षं कुणी सांगितलं नव्हतं. कागदावर चित्र काढून पाहिलं, पटलं.

रानवारा

आम्ही दोन वर्षांपूर्वी चार दिवस होडी भाड्याने घेतली होती, याच कालव्यावर नाही, उत्तरेला. माझ्याकडून झालेली चूक लिहिते, कुणी जाणार असेल तर उपयोगी पडेल.

संध्याकाळी लॉकच्या वरच्या टप्प्यात होडी बांधली आणि झोपलो. खालच्या दारातली एक झडप मी पूर्ण उतरवली नव्हती, दात्यात हाताची दोन बोटं मावतील एवढी वर राहिली होती. वरच्या दारात आधीपासूनच कुठे तरी फट होती. रात्रभर पाणी एका दारातून आत आणि दुसऱ्यातून बाहेर. पहाटे कपाटातली भांडी घसरली त्या आवाजाने जाग आली. होडी एका बाजूला कलली होती आणि खिडकीतून पाण्याऐवजी चिखल दिसत होता. अख्खा टप्पा रिकामा. कालव्याचे लोक आले, वरच्या तीन लॉकच्या झडपा उघडून पाणी खाली सोडलं, दुपारी दोनला होडी तरंगली. ते रागावले नाहीत, पण माझ्या मुलीला समोर उभं करून त्यांनी एक गोष्ट शिकवली: निघताना दात्याकडे बघायचं नाही, पाण्याकडे बघायचं. दाराच्या खालच्या बाजूला पाणी वळवळत असेल तर झडप उघडी आहे.

आणि त्याहून धोक्याची गोष्ट उतरताना असते. हौदात वरच्या दाराखाली दगडी उंबरा पुढे आलेला असतो, भरलेल्या हौदात तो दिसत नाही. भिंतीवर पांढरी रेघ असते, होडीचा मागचा भाग तिच्या पुढेच ठेवायचा. नाही तर पाणी उतरतं आणि होडीची शेपटी उंबऱ्यावर अडकून राहते, नाक खाली जात राहतं. होड्या अशाच बुडतात. पाणी उतरतंय आणि मागचा भाग मात्र उतरत नाही असं दिसलं की ताबडतोब खालच्या झडपा बंद करायच्या आणि मगच वरच्या हळूहळू उघडायच्या.

सावळाराम_नाना

रानवारा, हे वाचून पोटात गोळा आला. ती पांढरी रेघ मी पाहिली होती, कशासाठी ते कळलं नव्हतं.

पाटकरीकाका, एक राहिलं. त्या बाईने हौद भरल्यावर दार उघडायला जोर लावला तर ते हलेना. ती तुळईला पाठ टेकून नुसती उभी राहिली. मिनिटभराने दार आपणहून सुटल्यासारखं उघडलं. का?

पाटकरी

ती अनुभवी होती. दोन्हीकडची पातळी एक होईपर्यंत दार उघडत नाही, उघडूही नये.

वरच्या दाराची एक फळी सव्वादोन मीटर रुंद आणि पाण्यात पावणेदोन-दोन मीटर बुडालेली धरा, म्हणजे चार चौरस मीटर. हौदातलं पाणी वरच्यापेक्षा फक्त दहा सेंटिमीटर खाली असेल तर त्या फळीवर चारशे किलोचा रेटा असतो. तुळई लांब असल्याने तिला त्यातला तिसरा-चौथा हिस्साच लावावा लागतो, तरी शंभर किलो. एकट्या बाईचं काम नाही. फरक एक सेंटिमीटर राहिला की दहा किलो. शेवटचे ते काही सेंटिमीटर भरायलाच वेळ लागतो, कारण फरक कमी झाला की पाण्याचा जोरही ओसरतो. म्हणून टेकून उभं राहायचं आणि दार हाललं की समजायचं पातळी झाली.

आता बंद असताना बघा. वाड्याच्या दाराला दोन कवाडं असतात तशी इथेही दोन, पण ती सरळ रेषेत मिटत नाहीत. मिटल्यावर त्यांचं टोक वरच्या पाण्याकडे निघालेलं असतं. पाणी दाबतं तेव्हा दोन्ही कवाडं एकमेकांत घट्ट रुतत जातात. तुमच्या लॉकमध्ये हौद भरलेला असताना खालच्या प्रत्येक कवाडावर पंधरा टनांच्या आसपास रेटा येत असेल, आणि अडसर कुठेच नाही. पाणीच अडसर.

कपिलाषष्ठी

आणि ती टोकदार कवाडं लिओनार्दोची. मी आधीच म्हटलं होतं.

नेदरलँड्सची_हेमांगी

कपिलाषष्ठीदादा, कवाडांपुरतं तुमच्याशी बरंचसं सहमत. मिलानच्या सान मार्को लॉकसाठी 1497 च्या सुमारास अशी दारं त्याच्या नावावर सांगतात आणि त्याची रेखाटनंही आहेत. पण लॉक त्याचं नव्हे. मिलानमध्येच वियारेन्नाचं लॉक 1439 मध्ये झालं, लिओनार्दोच्या जन्माच्या तेरा वर्षं आधी. दुओमोच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चच्या बांधकामाचा संगमरवर कालव्याने शहराच्या आत आणायचा होता आणि शहराच्या खंदकाची पातळी वेगळी होती, म्हणून. आणि 1450 च्या दशकात बेर्तोला दा नोवाते याने बेरेग्वार्दोच्या कालव्यावर अठरा लॉक बांधली. खऱ्या अर्थाने उतारावरून होड्या चढवणारा युरोपातला तो सुरुवातीचा कालवा.

त्याच्याही आधीचं आमच्याकडे आहे. मी उत्रेख्तजवळ राहते. फ्रेस्वाइक नावाचं जुनं गाव इथून सायकलवर आहे, तिथे 1373 मध्ये लेक नदी आणि उत्रेख्तचा कालवा यांच्यामधे दोन दारांचा हौद बांधला. दारं कवाडांसारखी नव्हती, वर उचलायची होती. तेव्हा पहिला मान डचांचा, असं इथे सगळे सांगतात.

चिनी_माती

हेमांगीताई, युरोपातला पहिला म्हणा, हरकत नाही. पण जगातला नव्हे. फ्रेस्वाइकच्या जवळजवळ चारशे वर्षं आधी चीनमध्ये हे झालेलं होतं. मी पुण्यात चिनी शिकवते, सोंग घराण्याच्या अधिकृत इतिहासातला हा उतारा माझ्या आवडीचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

साल 984. च्याओ वेइयुए हा ह्वाइनान प्रांताच्या वाहतुकीचा अधिकारी होता. दक्षिणेचा कराचा तांदूळ महाकालव्याने राजधानीला जायचा. वाटेत पातळी बदलायची तिथे मातीचे बांध होते, आणि होडी त्या बांधाच्या उतरणीवरून दोरांनी ओढून पलीकडे घसरवायची. भरलेली होडी अशी घासत गेली की तिचा तळ फुटायचा आणि तांदूळ पाण्यात. आणि होडी फुटली की नावाडी शिपाई आणि आसपासचे लोक संगनमताने धान्य लांबवायचे. हिशेबात दाखवायचं काय, तर अपघात.

च्याओने पश्चिम नदीच्या तिसऱ्या बांधाजवळ दोन दारं बांधायला लावली. दोन दारांमधलं अंतर पन्नास पावलांहून जास्त. त्यांचं एक पाऊल दीड मीटरच्या आसपास, म्हणजे पाऊणशे मीटरचा हौद. वर छप्पर. टांगलेली दारं लावून पाणी साठवायचं आणि पातळी सारखी झाली की सोडायचं, असं स्पष्ट लिहिलं आहे. पुढचं वाक्य असं की तेव्हापासून सगळे गैरप्रकार थांबले आणि नावा अडखळेनाशा झाल्या.

मला यात सगळ्यात महत्त्वाचं हे वाटतं की ही युक्ती डोंगर चढायला निघालीच नाही. ती चोरी थांबवायला निघाली. होडी फुटली नाही तर चोरीला निमित्तच राहत नाही.

उंबरठा

म्हणजे जगातलं पहिलं लॉक हे खरंच कुलूपच होतं. जलकुंभी, तुमचं बरोबर होतं हो!

जलकुंभी

धन्यवाद. तरी होडी तळ्यातच सोडतो.

कपिलाषष्ठी

एक आक्षेप. ग्रीकांनी तर ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात नाईल ते तांबडा समुद्र या कालव्यावर दार बसवलं होतं. दुसऱ्या टॉलेमीच्या काळात. डायोडोरसने लिहिलं आहे. मग चीन कसा पहिला?

चिनी_माती

चांगला आक्षेप आहे. पण डायोडोरस सांगतो ते इतकंच की होडी जायची असेल तेव्हा ते उघडायचे आणि लगेच परत बंद करायचे. ते वर्णन एका दाराला लागू पडतं. एका दाराची लॉक चीनमध्येही च्याओच्या कितीतरी आधीपासून होती. दार उघडलं की वरचं साठलेलं पाणी लोंढ्याने येतं, उतरणारी होडी त्या लोंढ्यावर स्वार होऊन जाते, आणि चढणारी होडी त्याच लोंढ्याविरुद्ध दोरांनी ओढावी लागते. होडी फुटते, माणसं वाहून जातात. आणि वरचा मोठा टप्पा उतरून जातो, तो भरेपर्यंत बाकीच्यांनी थांबायचं. दुसरं दार जवळ आणलं की सगळा मामला एका हौदापुरता राहतो. 984 चा उतारा म्हणून महत्त्वाचा, त्यात दोन दारं आहेत, अंतर आहे आणि पातळी सारखी होण्याची वाट बघणं आहे.

पाटकरी

त्या उताऱ्यात पातळी सारखी होण्यासाठी शब्द कोणता आहे? भरतीचा उल्लेख आहे असं मी कुठे तरी ऐकलं होतं. तसं असेल तर ते गोदीकरांच्या गोदीसारखं होईल, डोंगराचं लॉक नाही.

चिनी_माती

काका, बरोबर पकडलंत. शब्द आहे ‘छाओ’, आणि त्याचा साधा अर्थ भरतीच. ‘भरती समपातळीला येईपर्यंत थांबून मग सोडायचं.’ काही जण म्हणतात की नदीच्या बाजूची पातळी चढायची वाट बघत असतील. काहींच्या मते हौदात चढणाऱ्या पाण्यालाच इथे भरती म्हटलं आहे. मी दुसऱ्या बाजूची आहे, कारण जिथे पाणी साठवून ठेवल्याचा उल्लेख आहे तिथे नुसत्या भरतीवर भिस्त नाही. पण शब्द तो आहे, हे नाकारता येत नाही.

पाटकरी

मग मी पहिल्या बाजूचा. मतभेद राहू दे.

गोदीकर

मी काकांच्या बाजूने. आमच्या गोदीतही आम्ही भरतीचं कोष्टक बघूनच दिवस आखायचो.

नेदरलँड्सची_हेमांगी

फ्रेस्वाइकलाही नदीच्या चढउताराचाच प्रश्न होता. पण मग ही कल्पना चीनहून इकडे आली की इकडे स्वतंत्र सुचली?

चिनी_माती

आल्याचा कागद कुणाला सापडलेला नाही. आणि गंमत अशी की चीनमध्येच ही युक्ती पुढे मागे पडली. सोंग काळातल्या शन कुओ या विद्वानाने 1088 च्या आसपास लिहिलेल्या टिपणांत चनचौच्या लॉकबद्दल आकडे दिले आहेत. लॉक झाल्यावर वर्षाला पाचशे मजूर आणि साडेबारा लाख नाणी वाचू लागली. आधी ओढून न्यायची होडी म्हणून तीनशे ‘शी’ तांदूळच भरायचे. लॉकमुळे चारशे, पुढे सरकारी होड्या सातशेपर्यंत गेल्या, खाजगी होड्यांत तर दोन ‘शी’ची आठशे पोती. इतका उघड फायदा. तरीही मिंग आणि छिंग काळात महाकालव्यावर पुन्हा बहुतेक एकेरी दारंच दिसतात. 1793 मध्ये ब्रिटिश राजदूत मॅकार्टनीच्या बरोबर आलेल्या इंग्रजांनी फळ्या काढून होड्या लोंढ्यावर सोडताना पाहिल्या, आणि तेव्हा त्यांच्या स्वतःच्या देशात डोंगर चढणारे कालवे खणले जात होते. मोठ्या होड्या कमी झाल्या म्हणून मोठ्या हौदांची गरज राहिली नाही, असं एक उत्तर देतात. मला ते अर्धंच वाटतं.

कपिलाषष्ठी

बरं, पहिला मान चीनचा, मान्य. पण पंपाचं कुणीच बोललं नाही. टेकडीच्या माथ्यावर पंचवीस टँकर येतात कुठून?

पाटकरी

हा प्रश्न योग्य आहे, आणि इथे तुम्ही अर्धे नव्हे, पाऊण बरोबर आहात.

शिखराचा टप्पा हाच अशा कालव्याचा नाजूक भाग. दोन्हीकडून होड्या येतात आणि दोन्ही उतारांवर पाणी शिखरातूनच जातं. फ्रान्समध्ये रिकेने 1681 च्या कालव्यासाठी आधी माथ्याहून उंच डोंगरातले ओढे अडवले, सें-फेरेओलचं धरण बांधलं आणि पाणी उताराने नोरूझच्या शिखरावर आणलं. पंप नाही. नानांच्या कालव्यावर तसं उंच पाणी नव्हतं. तिथे शिखर डिव्हायझेसहून पूर्वेला आहे, आणि क्रॉफ्टन गावाशी वाफेच्या इंजिनाने सुमारे बारा मीटर खालून पाणी उपसून शिखराला देत, आता रोजचं काम विजेचे पंप करतात. तिथलं 1812 चं इंजिन अजून चालतं. तेव्हा होडी पंपाने चढत नाही, पण त्या कालव्यापुरतं शिखरावरचं पाणी मात्र पंपाने जातं. आणि डिव्हायझेसच्या टेकडीवर 1996 पासून पायथ्याचं पाणी वर परत नेणारे पंप आहेत. दिवसाला तीन कोटी वीस लाख लिटरची त्यांची ताकद. दर अकरा मिनिटांना एक हौद.

उंबरठा

अकरा मिनिटांना पंचवीस टँकर. आमच्या जिल्हाधिकाऱ्यांना तो पंप पाठवा.

रानवारा

म्हणजे नानांनी पाहिलेला तो हौद भरायला वापरलेलं पाणी तासाभराने परत टेकडीवर गेलं असेल. छानच.

पनामाला हे जमत नाही ना? तिथे तर पाणी समुद्रात जातं.

पाटकरी

हो. तिथे गाटून तलाव शिखर आहे, समुद्रापासून 26 मीटर वर. जुन्या लॉकमधून एक जहाज या समुद्रातून त्या समुद्रात गेलं की सुमारे वीस कोटी लिटर गोडं पाणी खाली जातं. 2016 च्या नव्या लॉकना बाजूला हौद आहेत, त्यात साठ टक्के पाणी राखून पुढच्या भरणीला वापरतात. तरी 2023 च्या दुष्काळात जहाजांची संख्या कमी करावीच लागली.

सावळाराम_नाना

तीन आठवड्यांनी लिहितोय. परवा पुन्हा तिथे गेलो, या वेळी मोजपट्टी आणि खडू घेऊन.

हौदाच्या भिंतीवरच्या शिडीवर खडूने खुणा केल्या. पहिला अर्धा मीटर दीड मिनिटात चढला, शेवटच्या एका वितीला जवळजवळ तेवढाच वेळ लागला. काकांनी लिहिलं होतं तसंच. मग तिथल्या स्वयंसेवक आजींना विचारलं, मी दार ढकलू का? त्या म्हणाल्या, आत्ता नको, नुसते टेका. मी टेकलो. पाठीला आधी भिंत असल्यासारखं लागत होतं. दोन्हीकडच्या पाण्यात मी करंगळीएवढा फरक बघत होतो, मग अर्ध्या करंगळीएवढा, मग दिसेनासा झाला, आणि तुळई पाठीखालून हळूच सरकली. सत्तरीच्या माणसाने तेवढं मोठं ओकचं दार उघडलं.

आजींना मी 984 चं आणि तांदळाच्या चोरीचं सांगितलं. त्यांनी पुढच्या लॉकवरच्या सहकाऱ्याला हाक मारून बोलावलं आणि मला परत पहिल्यापासून सांगायला लावलं. चिनी_माती, त्या अधिकाऱ्याच्या नावाचा उच्चार मला नीट करता आला नाही. ‘च्याओ’ मधला च ‘चमचा’तला की ‘चहा’तला?

चिनी_माती

नाना, ‘चहा’तला, पण श्वास जरा सोडून, छ च्या जवळ नेऊन. तुम्ही केलात तो उच्चार त्यांना पोचला असणार.